निरर्थक शब्दांवर कान तयार करणे: बोलीचे ध्वनिलेखन शिकणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावांमधली बोली ध्वनिमुद्रित करून ती ऐकू आली तशीच्या तशी लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. सगळा सराव एकट्याला करता येतो. लागतं ते एवढंच: एक मोबाइल, बरे हेडफोन, वही, आणि शब्द वाचून देणारी एखादी व्यक्ती. बहुतेक उदाहरणं मुद्दाम न आणि ण या एकाच जोडीची घेतली आहेत, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त चुका याच जोडीत होतात आणि एक जोडी नीट समजली की बाकीच्यांना तीच रीत लावता येते.

खरे शब्द सोडून निरर्थक शब्दच का ऐकायचे?

खरा शब्द ऐकताना कान एकटा काम करत नाही, अर्थ आणि शुद्धलेखन त्याच्या मदतीला येतात. माण किंवा आटपाडीकडच्या एखाद्या आजींनी ध्वनिफितीत "पानी आनलं" असं स्वच्छ म्हटलेलं असतं आणि लिहिणारा "पाणी आणलं" लिहून पुढे जातो. त्याने आळस केलेला नसतो, त्याला खरोखरच ण ऐकू आलेला असतो. शब्द ओळखला गेला की त्यातला आवाज कसा "असायला हवा" हे डोकं आधीच ठरवून टाकतं आणि तोच आवाज ऐकवतं. बोलीच्या नोंदीत हा दोष फार महागात पडतो. जो फरक नोंदवायला आपण गावात गेलो, तोच कागदावरून पुसला जातो.

"बेकाणु" किंवा "मुपानो" ऐकताना हा आधार मिळत नाही. शब्दाला अर्थ नाही आणि त्याचं शुद्धलेखनही कुणी ठरवलेलं नाही. कानाने पकडलं तेवढंच कागदावर येतं. म्हणून चूक झाली तर ती ऐकण्यातलीच आहे, हे खात्रीने म्हणता येतं. ही पद्धत जुनी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डॅनिअल जोन्स यांच्या काळापासून ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना असे निरर्थक शब्द सांगून लिहून घ्यायला लावत.

देवनागरीत लिहिलं तर चालणार नाही का? आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकायलाच हवी का?

सरावाच्या पाच पायऱ्यांपैकी पहिल्या दोन देवनागरीत निभावतात, पण पुढे अडतं. "चुमो" असं लिहिलं तर त्यातला च चमच्यातला की चिमणीतला, हे कळत नाही. पहिला [ts], दुसरा [tɕ]. ज आणि झ यांचंही तसंच आहे. दुसरी अडचण अक्षरातल्या लपलेल्या अ-ची आहे. "कुपलो" हे [kupəlo] आहे की [kuplo], ते देवनागरी सांगत नाही. वाचणारा एक म्हणतो, तपासणारा दुसरं धरतो, आणि नसलेली चूक मोजली जाते.

म्हणून उत्तरसूची पहिल्या दिवसापासून ध्वनिलिपीतच ठेवा. सगळी लिपी एकदम पाठ करायची गरज नाही, ज्या पायरीवर आहात तिची आठ-दहा चिन्हं पुरतात. नेहमी लागणारी अशी: ट [ʈ], ड [ɖ], ण [ɳ], ळ [ɭ], दंत्य त [t̪], महाप्राणासाठी [ʰ], घोष महाप्राणासाठी [ʱ], आणि लपलेल्या अ-साठी [ə]. ऱ्हस्व-दीर्घ इ-ई आणि उ-ऊ यांचा फरक निदान चौथ्या पायरीपर्यंत चूक म्हणून मोजू नका. मराठीत हा फरक बराचसा शब्दातल्या जागेवर आणि लेखनाच्या नियमांवर ठरतो. तो मोजत बसलात तर गुण कानाऐवजी शुद्धलेखनाचे पडतील.

पायऱ्या कोणत्या आणि अवघडपणा कसा वाढवायचा?

पाच पायऱ्या पुरतात. पहिलीत दोन अक्षरी शब्द आणि सहज वेगळे कळणारे आवाज: प, ब, म, त, द, क, ग, ल, स आणि आ, इ, उ, ए, ओ. "पेमू", "गोसे" यांसारखे. इथे कानाचा कस लागत नाही. शब्द लक्षात धरून चिन्हात उतरवायची सवय लावणं एवढंच या पायरीचं काम. दोन-तीन बैठकांत ती संपावी.

दुसरी पायरी आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची आणि तिथे महिनाभर थांबलात तरी हरकत नाही. त-ट, द-ड, न-ण, ल-ळ या जोड्या तीन अक्षरी शब्दांत येतात. त्यांच्याबरोबर शब्दाच्या सुरुवातीचा व घ्यावा. "वेळ"ची "येळ", "विहीर"ची "इहीर", "विचार"चा "इचार" हे आपल्याकडे रोज कानावर पडतं, पण लिहिताना व आपोआप परत येऊन बसतो. म्हणून "विमोके" आणि "इमोके", "वेगुपो" आणि "येगुपो" अशा जोड्या तयार ठेवा.

तिसरीत महाप्राण: क-ख, ग-घ, त-थ, आणि म-म्ह, न-न्ह, ल-ल्ह. त्यातच दोन प्रकारचे च आणि ज. चौथीत जोडाक्षरं, द्वित्त ("बिको" आणि "बिक्को"), लपलेला अ असणे-नसणे आणि शब्दाच्या शेवटचं व्यंजन. पाचवीत मराठीबाहेरचे आवाज, उदाहरणार्थ [x], [θ], आणि मराठीतलेच पण अनोळखी जागी आलेले, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीला [ɳ] किंवा [ɭ]. मराठी शब्द ण-ने किंवा ळ-ने सुरू होत नाहीत, त्यामुळे तिथे कान फार लवकर न आणि ल धरतो.

प्रत्येक पायरीच्या आतही उतार ठेवावा लागतो, आणि तो बहुतेक याद्यांमध्ये नसतो. ण-चंच बघा. जीभ मागे वळू लागते ती ण-च्या आधीच्या स्वरातच, त्यामुळे ण-ची सर्वांत ठळक खूण त्या स्वराच्या शेवटी उमटते. जीभ टाळूवरून सुटते तोवर ती पुढे सरकलेली असते, म्हणून नंतरच्या स्वरात खूण फिकी असते. आधीचा स्वर आ असेल तर वळण स्वच्छ ऐकू येतं. तो इ असेल तर जीभ आधीच पुढे आणि वर असते, तिला मागे वळायला जागा आणि वेळ कमी मिळतो आणि खूण पुसट होते. याचा अर्थ क्रम असा: आधी -आण-, -आन-. मग -ओण-, -उण-. सगळ्यात शेवटी -इण-, -इन-. हाच क्रम ट, ड आणि ळ यांनाही लावा.

महाप्राणाचा क्रम वेगळा आहे. तो आधी शब्दाच्या सुरुवातीला, मग मध्ये, मग शेवटी घ्यावा, कारण मराठी बोलण्यात शब्दाच्या शेवटचा महाप्राण फार वेळा क्षीण होतो.

शब्द कसे तयार करायचे? मनाने जुळवले तर?

मनाने जुळवलेले शब्द आवडत्या आवाजांकडे झुकतात आणि जोडीतले दोन्ही आवाज सारख्या संख्येने येत नाहीत. चिठ्ठ्या टाकून काढा किंवा संगणक असेल तर पायथनच्या सात ओळी पुरतात:

```python
import random
C = ["p", "b", "m", "t̪", "d̪", "k", "ɡ", "s"]
V = ["a", "i", "u", "e", "o"]
yadi = [(s, n) for s in ("a", "i") for n in ("n", "ɳ")] * 4
random.shuffle(yadi)
for s, n in yadi:
    print(random.choice(C) + random.choice(V) + random.choice(C) + s + n + random.choice(V))
```

यातून 16 शब्द निघतात: 8 ण-चे, 8 न-चे, आणि प्रत्येक आठांत निम्म्या ठिकाणी आधीचा स्वर आ, निम्म्या ठिकाणी इ. सुरुवातीला `("a", "i")` च्या जागी `("a",)` ठेवा आणि शेवटचा 4 बदलून 8 करा, म्हणजे सोळाही शब्द आ-चेच येतील.

निघालेली यादी वाचून खरे शब्द काढून टाकणं हे माणसाचंच काम आहे. दोन अक्षरी चौकटीत न-ण घातले की माने, दाणे, पाने, सोने असे खरे शब्द पटापट निघतात. या पायरीला तीन अक्षरी चौकट घेतली आहे ती म्हणूनच. यादी शक्य झाल्यास घरातल्या वयस्क माणसाला वाचून दाखवा. "पेळू" हा तरुणांना निरर्थक वाटेल, पण सूत कातण्यासाठी केलेल्या कापसाच्या वळीला पेळू म्हणतात हे आजोबांना माहीत असतं. हसू येईल असे शब्दही काढा, त्यानंतरचे दोन-तीन शब्द नीट ऐकले जात नाहीत.

शब्द कुणाकडून वाचून घ्यायचे?

इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. वाचणाऱ्याच्या स्वतःच्या बोलीत न आणि ण एकच असतील, तर तो दोन्ही सारखेच वाचेल आणि ऐकणारा उगाच स्वतःचा कान खराब समजेल. म्हणून आधी वाचणाऱ्याची परीक्षा घ्या. 16 शब्द त्याच्याकडून वाचून घ्या आणि ज्याच्या बोलण्यात ण पक्का आहे अशा तिसऱ्या माणसाला यादी न दाखवता ऐकवा. त्याला 15-16 बरोबर ओळखता आले तर ध्वनिफीत वापरण्यासारखी आहे.

असं माणूस मिळत नसेल तर प्राट हा मोफत प्रोग्राम वापरा. अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तो केला आहे. त्यात शब्द उघडून फॉर्मंटच्या, म्हणजे आवाजातल्या ठळक कंप्रतांच्या, रेषा दाखवायला सांगा. फॉर्मंटची वरची मर्यादा पुरुषाच्या आवाजाला 5000 हर्ट्झ आणि बाईच्या आवाजाला 5500 हर्ट्झ ठेवा. ण-च्या आधीच्या आ-मध्ये खालून तिसरी रेषा शेवटाकडे खाली झुकून दुसरीजवळ येते. पुरुषी आवाजात ती साधारण 2500 हर्ट्झच्या आसपास चाललेली असते आणि ण-कडे जाताना स्पष्ट उतरते. न-च्या आधी असा उतार दिसत नाही. सगळ्या शब्दांत दोन्हीकडे रेषा सरळच जात असेल तर वाचणारा बदला.

उलट दोषही असतो. काही वाचणारे ण मुद्दाम दाबून आणि लांबवून वाचतात. ऐकणाऱ्याला मग ण ऐकू न येता जोर ऐकू येतो, आणि खऱ्या बोलण्यात तो जोर नसल्यामुळे सगळं फसतं. "बेकाणु" साध्या बोलण्याच्या वेगात, प्रत्येक वेळी एकाच सुरात वाचायचा. जोडीतले दोन शब्द लागोपाठ वाचू नयेत. जमलं तर दोन आवाज घ्या, एक बाईचा आणि एक पुरुषाचा, नाहीतर कान एकाच गळ्याला सरावतो.

ध्वनिमुद्रणात काय सांभाळायचं?

पंखा बंद, खिडकी बंद, खोलीत गाद्या-गोधड्या असतील तर उत्तम. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला धरा, अगदी समोर नको, नाहीतर फ आणि भ-चा वारा माइकवर आदळतो. फाइल WAV, मोनो, 44.1 किलोहर्ट्झ.

ती व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका. त्यात आवाज दाबला जातो आणि वरच्या पट्टीतला तपशील जातो. स आणि श यांच्यातला, दोन प्रकारच्या च-मधला फरक मुख्यतः 3000-4000 हर्ट्झच्या वर असतो, म्हणजे नेमका तोच बिघडण्याची भीती असते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून जोडा. फोनवरून थेट शब्द सांगून सराव करणंही याच कारणाने चालत नाही. साधा, HD नसलेला कॉल 3400 हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काहीच पोचवत नाही.

एक बैठक नेमकी कशी करायची?

बैठकीत 20 शब्द घ्या: 16 नवे, आणि त्यांतलेच 4 पुन्हा मध्येच कुठेतरी मिसळलेले. हे चार का, ते पुढे येईल. प्रत्येक शब्द तीनदा वाजेल, दोन वेळांमध्ये 4 सेकंद आणि पुढच्या शब्दाआधी 8 सेकंद मोकळे. एका शब्दाला साधारण 20 सेकंद, म्हणजे ऐकणं सात मिनिटांत संपतं. तपासणी आणि फेरऐकणी धरून अर्धा तास. यापेक्षा लांबवू नका, विसाव्या शब्दानंतर कान ओळखण्याऐवजी अंदाज करू लागतो.

पहिल्यांदा वाजेल तेव्हा पेन खाली ठेवा. किती अक्षरं आहेत एवढंच पकडा. दुसऱ्यांदा व्यंजनं लिहा, स्वरांच्या जागी मोकळी जागा सोडा. तिसऱ्यांदा स्वर भरा आणि जोडीतला आवाज पक्का करा. ज्या चिन्हाबद्दल शंका आहे त्याला गोल करा, पण काहीतरी लिहाच, जागा कोरी ठेवू नका.

लिहून होईपर्यंत शब्द स्वतःच्या तोंडाने म्हणू नका. तुमच्या बोलण्यात न आणि ण एक होत असतील तर पुटपुटताना "बेकाणु"चा "बेकानु" होतो आणि मग तुम्ही स्वतःचाच आवाज लिहिता. नवीन शिकणाऱ्यांची ही चूक बाहेरून दिसते, ऐकताना ओठ हलत असतात.

एकट्याने तपासताना गुण कसे द्यायचे?

उत्तरसूची वेगळ्या पानावर, बैठक संपेपर्यंत बंद. तपासताना तुमचा शब्द आणि सूचीतला शब्द एकाखाली एक मांडा, पण आधी जुळवून घ्या. सूचीत [kupəlo] आहे आणि तुम्ही [kuplo] लिहिलं आहे. अक्षरामागे अक्षर लावत गेलात तर p-नंतर सगळंच चुकलेलं दिसेल. खरं तर एकच आवाज सुटला आहे. तिथे रिकामी जागा सोडून बाकीचे जुळवा आणि एकच चूक मोजा. चुका तीन प्रकारच्या: एकाऐवजी दुसरा लिहिला, एक सुटला, किंवा नसलेला घातला. प्रत्येक चूक बाणाने नोंदवा, डावीकडे वाजलेला आवाज, उजवीकडे लिहिलेला: ɳ→n, ə→०, ०→ʰ.

अर्धा गुण देऊ नका. "ण-च होता पण घाईत न लिहिला" असं म्हणून स्वतःला माफ करायला सुरुवात झाली की नोंदवहीचा उपयोग संपतो.

संगणकावर तुलना करणार असाल तर एक खाच लक्षात ठेवा. कीबोर्डवरचा g आणि ध्वनिलिपीतला ɡ दिसायला सारखे असले तरी संगणकाच्या दृष्टीने वेगळे आहेत (U+0067 आणि U+0261). एका ठिकाणी हा आणि दुसऱ्या ठिकाणी तो पडला तर बरोबर उत्तर चूक ठरतं.

मला 16 पैकी 11 आले. ठीक आहे ना?

नुसत्या 11 वरून सांगता येत नाही. दोनच पर्याय असताना नाणं उडवत गेलं तरी 16 पैकी 11 किंवा जास्त बरोबर यायची शक्यता सुमारे दहात एक असते. 13 किंवा जास्त यायची शक्यता मात्र सुमारे शंभरात एक. म्हणून 13 च्या खाली "मला ऐकू येतं" असं धरू नका. आणि हे गुण फक्त त्या जोडीचे मोजायचे. शब्दातले सगळे आवाज मिळून मोजले तर सोपे स्वर आणि प, म टक्केवारी 90 च्या वर नेऊन ठेवतात आणि जोडीत सोळापैकी आठच बरोबर आहेत हे झाकलं जातं.

आता ते 11 उलगडून बघू. समजा सूचीत 8 ण आणि 8 न होते. ण-च्या 8 पैकी तुम्ही 4 ओळखले, 4 ठिकाणी न लिहिला. न-च्या 8 पैकी 7 बरोबर, एका ठिकाणी ण लिहिला. म्हणजे झुकाव न-कडे आहे. आता त्याच 16 ची आधीच्या स्वराप्रमाणे विभागणी करा. समजा असं निघालं: आ-नंतरचे आठही बरोबर, आणि इ-नंतरच्या आठांत चारही ण चुकले, न-पैकी तीन बरोबर.

चित्र पूर्ण बदललं. आ-नंतर कान स्वच्छ आहे, कारण आठपैकी आठ नुसत्या नशिबाने यायची शक्यता 256 मध्ये एक. इ-नंतर काहीच ऐकू येत नाही, तिथे तुम्ही जवळजवळ सगळीकडे न लिहीत आहात. 11 या आकड्याने या दोन्ही गोष्टी लपवल्या होत्या. पुढची बैठक सोळाच्या सोळा -इण-, -इन- ची घ्यायची हे यातून आपोआप ठरतं. आकडे लहान आहेत, म्हणून दुसऱ्या दिवशी नव्या शब्दांवर हीच विभागणी पुन्हा करून बघा.

सगळीकडे ण लिहिणारेही असतात. शाळेत "पानी नाही, पाणी म्हण" असं वारंवार टोकलं गेलेल्यांचा हात ण-कडे जास्त जातो. त्यांचे ण आठपैकी आठ बरोबर येतात आणि त्यांना वाटतं जमलं. न-चे किती बरोबर, हे बघितल्याशिवाय हा दोष दिसत नाही.

पुन्हा मिसळलेल्या चार शब्दांचं काय करायचं?

ते गुणांत धरू नका. एकच ध्वनिफीत दोनदा ऐकून तुम्ही दोन्ही वेळा तेच लिहिलं का, एवढंच बघा. दोन्ही वेळा सारखी चूक झाली असेल तर ती पक्की सवय आहे आणि तिच्यावर काम करता येतं. एकदा ण आणि एकदा न लिहिला असेल तर तिथे ऐकणं झालेलंच नाही, अंदाज झाला.

गोल केलेली चिन्हंही इथेच बघा. गोल न करता, म्हणजे खात्रीने लिहून चुकलेली चूक सगळ्यांत आधी हाताळा. प्रत्यक्ष ध्वनिफीत लिहिताना शंकेच्या जागी तुम्ही पुन्हा ऐकाल, पण खात्रीच्या जागी कधीच थांबणार नाही.

चुकलेले शब्द कळले. मग?

सूची समोर ठेवून चुकलेला शब्द तीनदा ऐका आणि लक्ष व्यंजनावर न ठेवता त्याच्या आधीच्या स्वराच्या शेवटावर ठेवा. मग त्याच चौकटीतला जोडीदार शब्द ऐका, म्हणजे "गुपिणो" आणि "गुपिनो" एकापाठोपाठ. त्यानंतर कुणाला तरी किंवा मोबाइलच्या शफलला तिसरा शब्द त्या दोघांतून निवडू द्या आणि तो कोणाशी जुळतो ते सांगा. पाच-सहा वेळा पुरे.

दोन आठवडे होऊनही एखादी जोडी सोळात आठ-नऊच्या वर सरकत नसेल तर ऐकणं थांबवा आणि आधी ती म्हणायला शिका. न म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लागतं. ण-साठी टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि तिथून पुढे सोडायचं. "आण" म्हणताना आ-चा शेवट कसा बदलतो ते आरशासमोर, हळू, मुद्दाम ताणून करून बघा. आपल्या तोंडात तो बदल जाणवला की दुसऱ्याच्या आवाजात तो शोधायला जागा सापडते.

पुढच्या पायरीवर कधी जायचं?

पायरीतल्या प्रत्येक जोडीत सलग तीन बैठका 16 पैकी 14 किंवा जास्त आले की. तिन्ही बैठका नव्या शब्दांवर हव्यात. एकच ध्वनिफीत तीनपेक्षा जास्त वेळा गुणांसाठी वापरू नका, शब्द पाठ होतात आणि गुण वाढलेले दिसतात. स्वतः वाचलेली यादी स्वतःच ऐकायची असेल तर मध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या आणि क्रम बदला.

जतकडच्या कन्नडभाषक घरातल्या किंवा पुण्या-मुंबईत वाढलेल्यांसाठी याद्या वेगळ्या हव्यात का?

पायऱ्या त्याच, जोर वेगळा. कन्नडमध्ये ण आणि ळ पक्के आहेत, त्यामुळे घरात कन्नड बोलणाऱ्यांना दुसरी पायरी बहुधा लवकर सुटते. त्यांना दोन प्रकारच्या च-ज वर आणि शब्दाच्या शेवटच्या व्यंजनावर जास्त वेळ द्यावा लागतो, कारण कन्नड शब्द बहुतेक स्वरात संपतात आणि कान शेवटी एक उ ऐकायला तयार असतो. शहरात वाढलेल्यांना ण ऐकू येतो, पण "इहीर", "येळ" मध्ये ते व घालतात. अंदाज बांधण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात प्रत्येक जोडीची एक बैठक घ्या, बाणांची नोंद कुठे दाटते ते दिसेल.

एवढं करून खऱ्या ध्वनिफिती नीट लिहिता येतील का?

एका मर्यादेपर्यंत. निरर्थक शब्द सुटे असतात, स्वच्छ असतात, एका वेळी एकच माणूस बोलत असतो. पारावरच्या गप्पांत तिघं एकदम बोलतात, शब्द एकमेकांत मिसळतात, मागे ट्रॅक्टर चालू असतो. ती तयारी वेगळी आहे.

मधला पूल म्हणून एक करता येतं. खऱ्या ध्वनिफितीतून अर्ध्या-पाऊण सेकंदाचे तुकडे कापा, शब्दाच्या मधूनच, म्हणजे अर्थ लागणार नाही असे. "पानी आनलं" मधला फक्त "-आनीआ-" एवढा तुकडा घ्या, तसे वीस तुकडे क्रम बदलून लावा आणि निरर्थक शब्दांसारखेच लिहा. मग तोच भाग पूर्ण वाक्यात ऐकून पुन्हा लिहा आणि दोन्ही लेखनं शेजारी ठेवा. तुकड्यात न आणि वाक्यात ण असं जिथे पडलं असेल, तिथे तुमच्या शुद्धलेखनाने लिहिलं आहे. इथे उत्तरसूची नसते, म्हणून वादाच्या जागा प्राटमध्ये उघडून तिसऱ्या फॉर्मंटचा उतार बघा. तरीही ठरत नसेल तर नोंदीत दोन्ही शक्यता लिहा, शेजारी प्रश्नचिन्ह आणि ध्वनिफितीतली वेळ टाका.